सहाशे अर्ज, बारा माणसं

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे असं धरू. त्याला क्वालिटी इंजिनिअर हवे आहेत. मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री, दोन-तीन वर्षांचा अनुभव, ड्रॉइंग नीट वाचता येणं, आणि ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला तर न घाबरता त्याला उत्तरं देता येणं, एवढी अपेक्षा. जानेवारीत भरती सुरू झाली, फेब्रुवारीअखेर अर्ज घेणं बंद झालं, आणि जूनअखेर एचआरच्या मॅडमनी संचालकांपुढे एका पानाचा तक्ता ठेवला. कारखाना आणि आकडे मी समजावण्यासाठी बेतलेले आहेत. पण असा तक्ता आता बहुतेक एचआर ऑफिसांत दर महिन्याला निघतो. त्याला ‘फनेल’ म्हणतात आणि बऱ्याचदा त्यावरूनच पुढच्या भरतीचा पैसा कुठे घालायचा ते ठरतं.

| टप्पा | पोर्टल | ओळखीतून | कन्सल्टंट | थेट गेटवर | एकूण | आधीच्या टप्प्यावरून गळती |
|---|---|---|---|---|---|---|
| अर्ज | ४४० | ४० | ५० | ७० | ६०० | – |
| छाननीत निवडलेले | ८० | २५ | ३० | १५ | १५० | ७५% |
| फोनवर बोलणं झालेले | ५० | २० | २२ | ८ | १०० | ३३% |
| प्लांटवर मुलाखत | २८ | १५ | १३ | ४ | ६० | ४०% |
| ऑफर | १० | ८ | ५ | १ | २४ | ६०% |
| रुजू | ४ | ५ | २ | १ | १२ | ५०% |
| अर्जापासून रुजू होईपर्यंत सरासरी दिवस | ४४ | ५१ | २८ | १२ | ४२ | |

संचालकांची नजर आधी शेवटच्या ओळीवर गेली, आणि ते साहजिकच होतं. दिवस म्हणजे पैसा, आणि रिकाम्या खुर्चीमुळे लाइनवर तपासणी अडते. ते म्हणाले, “मॅडम, ओळखीतून माणूस आणला की आपण कामगाराला बक्षीस देतो. आणि तोच मार्ग सगळ्यात संथ? एक्कावन्न दिवस? बंद करा ते बक्षीस. कन्सल्टंटला अजून जागा द्या.”

एका वाक्यात तीन चुका आहेत, आणि तिन्हींचं मूळ या तक्त्यातच आहे. तक्त्यातला एकही आकडा खोटा नाही. म्हणून तर तो सावकाश वाचावा लागतो.

गळतीपासून सुरुवात करू. गळतीची टक्केवारी काढताना दर वेळी आधीच्या टप्प्यावर जितके होते त्यांना पाया धरायचं. छाननीत दीडशे निवडले आणि शंभर जणांशी बोलणं झालं, म्हणजे पन्नास गळले. दीडशेतले पन्नास म्हणजे ३३ टक्के. काही जण हाच हिशेब सहाशेच्या पायावर मांडतात. मग प्रत्येक टप्पा सहाशेच्या तुलनेत इवलासा दिसतो आणि नेमकं भोक कुठे आहे ते कळत नाही. पाया कोणता धरला हे तक्त्यावर लिहिलेलं नसेल तर पहिल्यांदा तेच विचारावं.

आता सगळ्यात मोठी गळती बघा: ७५ टक्के, छाननीत. आकडा मोठा म्हणून बैठकीत यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि माझ्या मते यावर बोलायची फारशी गरज नसते. पोर्टलवर एका बटणावर अर्ज जातो. सिव्हिलवाला अर्ज करतो, नुकता पास झालेला करतो, पंधरा वर्षं अनुभव असलेलाही ‘बघू तर खरं’ म्हणून करतो. ४४० मधले ३६० छाननीत गेले यात कारखान्याचं काही गेलं नाही, बायोडेटा चाळायचा वेळ तेवढा गेला. फार तर जाहिरातीचा मजकूर जरा नेमका करावा. ‘इंजिनिअर पाहिजेत’ असं लिहिलं की सगळेच इंजिनिअर अर्ज करणार.

खरी गोष्ट आहे ती सगळ्यात लहान आकड्याशी, ३३ टक्क्यांशी. छाननीत निवडलेले दीडशे म्हणजे कारखान्यानं स्वतः ‘हे आपल्याला चालतील’ म्हणून बाजूला काढलेले लोक. त्यातले पन्नास फोनवरच्या बोलण्यापर्यंतही पोचले नाहीत. का? तक्ता याबद्दल गप्प आहे. गळती हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरला जातो: आपण नाकारलेला माणूस, आणि आपल्याला सोडून गेलेला माणूस. दोघंही पुढच्या रकान्यात नसतात, म्हणून बेरजेत दोघं सारखेच.

मॅडमनी या पन्नास जणांची नोंदवही काढली. चौदा जणांनी मेसेजवरच पगाराचा आकडा असा सांगितला होता की कारखान्यानं पुढे बोलणंच थांबवलं. हे कारखान्यानं सोडलेले. बावीस जणांनी फोन उचललाच नाही. आणि उरलेले चौदा म्हणाले, “सर, मी दुसरीकडे जॉइन झालो.” म्हणजे पन्नासातले छत्तीस कारखान्याला सोडून गेले होते, तेही एकदाही बोलणं न होता. मग तारखा पाहिल्या. अर्ज आल्यापासून पहिला फोन जाईपर्यंत पोर्टलवाल्यांच्या बाबतीत सरासरी नऊ दिवस गेले होते. कारण साधं होतं: भरती बघणारी एकच मुलगी, तिच्याकडे महिनाअखेरीला हजेरी आणि पगाराचंही काम, त्यामुळे बायोडेटा आठवड्यातून एकदाच चाळले जायचे. ओळखीतून आलेल्याला मात्र दुसऱ्या दिवशीच फोन जायचा, कारण त्याचा मित्र कँटीनमध्ये भेटून विचारायचा, “ताई, माझ्या माणसाचं काय झालं?”

घरात कुणी नोकरीसाठी पोर्टलवर अर्ज टाकत असेल तर आठ-दहा दिवस सामसूम का असते याचं एक कारण हेही आहे. नेहमीच नाकारलेलं नसतं. पुष्कळदा कुणी अजून फाइल उघडलेलीच नसते. आणि पंधरा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो तेव्हा तो जाहिरातवाल्याचा समजून आपण उचलत नाही.

पुढच्या दोन टप्प्यांवर फार थांबायला नको. फोननंतर गळलेल्या चाळीसपैकी बावीस जणांना कारखान्यानं नाही म्हटलं आणि अठरा जण मुलाखतीच्या दिवशी आलेच नाहीत. कामाच्या दिवशी सुट्टी काढून चाकणपर्यंत यायचं म्हणजे सोपं नाही, शनिवारी बोलावलं असतं तर काही आले असते. मुलाखतीत साठांतून चोवीस निवडणं हे मुलाखतीचं कामच आहे.

अर्धे लोक गळले तो शेवटचा टप्पा, ऑफर ते रुजू, आपल्याकडच्या भरतीतलं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे. इथे नोटीस पिरियड आडवा येतो. तीस दिवसांचा असेल तर निभतं, पण साठ आणि नव्वद दिवसांचे करारही सर्रास असतात. ऑफर लेटर हातात घेऊन माणूस जुन्या कंपनीत राजीनामा देतो, तिथला साहेब पगार वाढवून थांबवून घेतो. किंवा त्याच नव्वद दिवसांत आपलं ऑफर लेटर दाखवून तो तिसरीकडे आणखी मोठी ऑफर मिळवतो. यात माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. तीन महिने मोकळे मिळाले तर कोणीही बाजारभाव विचारून बघेल.

आता दिवसांच्या ओळीकडे येऊ. ‘सरासरी दिवस’ हा आकडा फक्त रुजू झालेल्यांवरून काढतात, कारण जो रुजूच झाला नाही त्याची शेवटची तारीख कुठून आणणार? हे बरोबरच आहे, पण त्यातून एक विचित्र प्रकार घडतो. पोर्टलवरून आलेले चार जण अनुक्रमे ३८, ४२, ४६ आणि ५० दिवसांत रुजू झाले, सरासरी ४४. ओळखीतून आलेले पाच जण ३०, ३४, ३८, ४१ आणि ११२ दिवसांत. यांची बेरीज २५५, सरासरी ५१. एकशेबारावाला कोण? चौदा फेब्रुवारीला अर्ज केलेला, तेरा दिवसांत ऑफर मिळालेला, पण आधीच्या कंपनीत नव्वद दिवसांची नोटीस असलेला. तो सहा जूनला आला. बाकी चौघं पोर्टलवाल्यांच्या सरासरीपेक्षा लवकरच आलेले आहेत.

आता उलटं बघा. पोर्टलवाल्यांमध्येही लांब नोटीसवाले होतेच. ऑफर दिलेल्या दहांपैकी सहा आले नाहीत, आणि त्यातल्या पाच जणांची नोटीस साठ दिवसांची किंवा त्याहून जास्त होती. ते गळले म्हणून त्यांचे शंभर-सव्वाशे दिवस सरासरीत आलेच नाहीत. जे चार आले ते महिन्याच्या आतल्या नोटीसवाले. ओळखीतल्या माणसाला मात्र मित्र दर आठवड्याला फोन करत राहिला, “येतोयस ना? लाइन चांगली आहे, साहेब ठीक आहे,” म्हणून तो तीन महिन्यांनीसुद्धा आला. आणि तो आला म्हणूनच ओळखीचा मार्ग कागदावर संथ दिसू लागला. तो जर मध्येच पळून गेला असता, तर उरलेल्या चौघांची सरासरी झाली असती ३६. म्हणजे एक चांगला माणूस हातचा गेला असता आणि तक्ता पंधरा दिवसांनी सुधारला असता! गळती आणि दिवस हे आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचायचे असतात ते यासाठी. एक सुटा उचलला की फसगत ठरलेली.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, सरासरीच्या शेजारी मध्यक लिहायचा. दिवस चढत्या क्रमानं मांडून बरोबर मधला आकडा घ्यायचा: ओळखीतल्या पाच जणांचा मध्यक ३८, पोर्टलच्या चौघांचा (मधल्या दोघांची सरासरी) ४४. एका एकशेबारानं मध्यक हलत नाही. दुसरा उपाय जास्त कामाचा आहे: घड्याळाचे दोन तुकडे करायचे. अर्ज ते ऑफर हा तुकडा कारखान्याच्या हातात असतो. ऑफर ते रुजू हा मुख्यतः जुन्या कंपनीच्या नोटीसच्या हातात. शिवाय पहिल्या तुकड्याचा हिशेब रुजू झालेल्या बारांवर नाही, ऑफर मिळालेल्या चोवीसही जणांवर करता येतो, म्हणजे गळलेलेही त्यात येतात. मॅडमनी तो केला. पोर्टल २४ दिवस, कन्सल्टंट १७, ओळखीतून १३, गेटवरून आलेला एकटा ५. ज्या मार्गाला संचालक संथ म्हणत होते, तो कारखान्याच्या हातातल्या कामात पोर्टलच्या निम्म्या वेळात उरकत होता. पोर्टलच्या चोवीसातले नऊ दिवस तर पहिल्या फोनची वाट बघण्यातच गेले होते.

राहिला कन्सल्टंटचा २८ दिवसांचा आकडा. इथे प्रश्न आहे घड्याळ कधी सुरू केलं याचा. पोर्टलवर अर्ज येतो त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. कन्सल्टंटच्या बाबतीत ते त्यानं बायोडेटा पाठवला त्या दिवशी सुरू होतं. पण त्याला काम दिलं होतं त्याआधी तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत तो माणसं शोधत होता, फोन करत होता, नोटीस किती हे विचारत होता. म्हणजे पोर्टलवर जी गळती कारखान्याच्या वहीत दिसते ती कन्सल्टंटच्या ऑफिसात, आपल्या नजरेआड झालेली असते. एकवीस दिवस मिळवले की अठ्ठावीसचे एकोणपन्नास होतात. आणि आकडा आहेच फक्त दोन माणसांचा. कन्सल्टंटची फी साधारणपणे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी धरतात. ती द्यायला हरकत नाही, अवघड जागेसाठी द्यावीच लागते, पण ‘तो झटपट माणूस देतो’ या समजुतीवर देऊ नये.

गेटवर बायोडेटा घेऊन आलेल्या सत्तरांमधला एक रुजू झाला, बारा दिवसांत. ऑफर स्वीकारण्याचं प्रमाण शंभर टक्के. एका माणसाची टक्केवारी काढणं हे तक्त्याच्या चौकटीला शोभतं, अर्थ काही नसतो. पाच-सातपेक्षा कमी माणसं असतील तिथे मी टक्के लिहूच नये या मताचा आहे. ‘एकातला एक’ एवढंच लिहावं, वाचणारा आपोआप सावध होतो.

हे सगळं आकडे बरोबर असतील तर. एक्सेलमध्ये ते बिघडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. गळती काढायला साधं सूत्र पुरतं, आणि मार्गानुसार सरासरी काढायलाही:

```
=1-C3/C2
=AVERAGEIFS(H:H,B:B,"Referral")
```

यात `H` रकान्यात दिवस आहेत. ते काढताना रुजू तारखेतून अर्जाची तारीख वजा करतात, आणि जो रुजू झालेला नाही त्याचा तारखेचा चौकोन रिकामा असतो. एक्सेल रिकाम्या चौकोनाला शून्य समजतं, आणि आजकालची कुठलीही तारीख त्याच्या लेखी सेहेचाळीस हजारांच्या आसपासचा आकडा असते. मग दिवस येतात वजा सेहेचाळीस हजार. सगळ्यांची अशी सरासरी आली तर चूक लगेच कळते. पण कुणीतरी ती झाकायला अशा ठिकाणी शून्य भरतं, आणि सरासरी गुपचूप खाली येते. ती पकडायची सोपी खूण म्हणजे दिवसांचा रकाना चढत्या क्रमानं लावून वरच्या दहा ओळी बघणं. म्हणून रुजू तारीख नसेल तर दिवसांचा चौकोनही रिकामा राहील असं सूत्र लिहायचं:

```
=IF(G2="","",G2-C2)
```

दुसरी जागा मार्गाच्या रकान्याची. एका ठिकाणी `Referral`, दुसरीकडे `Ref.`, तिसरीकडे माणसाचं नुसतं नाव. वरच्या सूत्राला यातला पहिलाच दिसतो. आणि एकच उमेदवार दोन मार्गांनी आला तर? जानेवारीत त्यानं पोर्टलवर अर्ज केला, फेब्रुवारीत त्याचाच बायोडेटा कन्सल्टंटनं पाठवला. दोन्हीकडे धरला तर अर्ज फुगतात. कन्सल्टंटच्या नावावर धरला तर फी द्यावी लागते. पहिल्यांदा ज्या मार्गानं नाव आलं तो खरा, हा नियम आधीच लिहून ठेवला आणि फोन नंबरवरून दुबार नोंदी काढल्या तर भांडण टळतं.

तिसरी जागा तक्ता काढण्याच्या तारखेची. मॅडमनी हा तक्ता जूनअखेर काढला. हाच ३१ मार्चला काढला असता तर रुजू झालेले दिसले असते आठ, आणि ऑफरनंतरची गळती ६७ टक्के. प्रत्यक्षात उरलेल्या सोळांपैकी चार जण नोटीसवर होते, गळलेले नव्हतेच. यापेक्षा वाईट म्हणजे मार्चमध्ये आलेल्या अर्जांशी मार्चमध्ये रुजू झालेल्यांचा भागाकार करणं. ती माणसंच वेगळी असतात. मार्चमध्ये रुजू झालेल्याचा अर्ज जानेवारीचा असतो. एका तुकडीला पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून चालायचं आणि जे अजून वाटेत आहेत त्यांच्यासाठी ‘चालू’ असा वेगळा रकाना ठेवायचा, एवढं केलं की ही चूक होत नाही.

तर आता निर्णय काय घ्यायचा? बक्षीस बंद करण्याचं कारण तक्त्यात नाही. चाळीस अर्जांतून पाच रुजू होणं, म्हणजे आठातला एक, आणि पोर्टलवर एकशेदहातला एक, हा फरक पाच माणसांच्या मर्यादेतही दुर्लक्ष करावा असा नाही. पोर्टल बंद करण्याचंही कारण नाही, कारण तिथली गळती पोर्टलची नसून पहिल्या फोनला लागणाऱ्या नऊ दिवसांची आहे. भरती बघणाऱ्या मुलीचं हजेरीचं काम काढून घ्यावं, दोन दिवसांत पहिला फोन जावा, पहिल्याच फोनवर नोटीस किती हे विचारून वेगळ्या रकान्यात लिहावं, आणि ऑफर दिल्यानंतर पोर्टलवाल्यालाही प्लांटमधला कुणीतरी, शक्यतो ज्याच्या हाताखाली काम करायचं तो, आठवड्याला एक फोन करत राहावा. गळतीच्या रकान्याचे दोन करावेत: ‘आम्ही नाही म्हटलं’ आणि ‘ते गेले’.

ओळखीच्या मार्गाबद्दल मॅडमनी मात्र संचालकांना एक गोष्ट सांगितली, जी या तक्त्यात कुठेच दिसत नाही. रुजू झालेल्या पाचपैकी चौघं एकाच पॉलिटेक्निकचे होते, आणि पाचही पुरुष. कामगार आपल्या वर्गमित्राला सांगतो, गाववाल्याला सांगतो. ज्याची कारखान्यात ओळखच नाही त्याच्यापर्यंत ही खबर जात नाही, आणि ज्यानं अर्जच केला नाही त्याची गळती कुठल्याही टप्प्यावर मोजली जात नाही. संचालकांनी विचारलं, “मग पुढच्या वेळी मुलींचे अर्ज किती आले हे वेगळं मोजता येईल?” मॅडम म्हणाल्या, “येईल सर. पण पहिल्या ओळीपासून मोजावं लागेल, शेवटच्या नाही.”